न्यूबाउर विरुद्ध जर्मनी (आंतरपिढीय न्याय)

न्यूबाउर विरुद्ध जर्मनी हा जर्मनीच्या संघीय संवैधानिक न्यायालयाने २४ मार्च २०२१ रोजी दिलेला आणि २९ एप्रिल २०२१ रोजी प्रसिद्ध केलेला निर्णय आहे. हवामान बदल रोखण्याचे ओझे आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांमध्ये कसे वाटावे, या नैतिक प्रश्नाला या निर्णयाने मूलभूत अधिकारांच्या भाषेत उत्तर दिले. आंतरपिढीय न्यायाच्या चर्चेत तो वारंवार उद्धृत केला जातो.

पार्श्वभूमी

जर्मनीच्या संसदेने २०१९ मध्ये हवामान संरक्षण कायदा संमत केला. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ५५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट त्यात होते. ऊर्जा, उद्योग, वाहतूक, इमारती, शेती इत्यादी क्षेत्रांना २०३० पर्यंतची वार्षिक मर्यादा ठरवून देण्यात आली. त्यापुढील वर्षांसाठी मात्र कायद्यात आकडे नव्हते. ते सरकारने २०२५ मध्ये ठरवावेत, एवढेच म्हटले होते. या कायद्याविरुद्ध चार संवैधानिक तक्रारी दाखल झाल्या. तक्रारदारांमध्ये मुख्यतः तरुण व अल्पवयीन व्यक्ती होत्या, तसेच बांगलादेश आणि नेपाळमधील काही रहिवासीही होते.

उर्वरित उत्सर्जनाचे गणित

कार्बन डायऑक्साइड वातावरणात दीर्घकाळ टिकून राहतो. त्यामुळे तापमानवाढ एखाद्या वर्षाच्या उत्सर्जनापेक्षा आजवरच्या एकूण उत्सर्जनावर अवलंबून असते. यावरून एखादी तापमानमर्यादा पाळायची असल्यास यापुढे किती उत्सर्जन शक्य आहे, याचा अंदाज बांधता येतो. जर्मन सरकारच्या पर्यावरणविषयक तज्ज्ञ सल्लागार परिषदेने जागतिक अंदाजातील लोकसंख्येनुसारचा जर्मनीचा वाटा २०२० पासून ६.७ गिगाटन इतका काढला होता. तापमानवाढ १.७५ अंश सेल्सिअसच्या आत राहण्याची शक्यता ६७ टक्के असावी, असे त्यात गृहीत धरले होते.

न्यायालयाने हा आकडा कायद्यातील मर्यादांशी ताडून पाहिला. कायदा पूर्णपणे पाळला गेला तरी २०३० पर्यंत या वाट्याचा बहुतांश भाग संपून एक गिगाटनाहून कमी शिल्लक राहिला असता. २०३० साठी अपेक्षित उत्सर्जनाच्या पातळीवर तो फार तर दोन वर्षे पुरला असता.

न्यायालयाचा युक्तिवाद

प्रवास, घर तापवणे, वस्तूंचे उत्पादन यांसारख्या अनेक व्यवहारांत आजही कार्बन उत्सर्जित होतो. उत्सर्जनाचा वाटा लवकर संपला, तर पुढे अशा व्यवहारांवर कठोर निर्बंध घालावे लागतील आणि तक्रारदारांचे स्वातंत्र्य संकोचेल. म्हणून आजचा कायदा हा भावी स्वातंत्र्यावर आधीच परिणाम करणारा आहे, असे न्यायालयाने मानले. एका पिढीने तुलनेने सौम्य ओझे उचलून वाट्याचा मोठा भाग वापरावा आणि पुढच्या पिढीवर टोकाचा त्याग लादावा, हे प्रमाणबद्धतेच्या तत्त्वात बसत नाही. २०३० नंतरचा मार्ग पुरेसा स्पष्ट नसल्याने कायदा अंशतः असंवैधानिक ठरला. तो ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत सुधारण्याचा आदेश देण्यात आला.

अजन्मा पिढ्यांचा प्रश्न

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये विस्ताराने मांडलेला एक पेच येथे महत्त्वाचा आहे. धोरण बदलले की पुढे कोणती माणसे जन्माला येतील हेही बदलते. मग ज्या धोरणाविना एखादी व्यक्ती अस्तित्वातच आली नसती, त्या धोरणाने तिचे नुकसान केले असे कसे म्हणावे? न्यायालयाला हा पेच सोडवावा लागला नाही, कारण तक्रारदार हयात होते आणि २०३० नंतरचे निर्बंध त्यांनाच भोगावे लागणार होते. अजन्मा पिढ्यांबाबत १९९४ मध्ये समाविष्ट केलेल्या मूलभूत कायद्याच्या कलम २०अ नुसार राज्यावर कर्तव्य आहे. परंतु त्यातून व्यक्तीला स्वतंत्रपणे बजावता येईल असा अधिकार मिळत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

मर्यादा आणि परिणाम

राज्याने जीवित व मालमत्तेच्या संरक्षणाचे कर्तव्य मोडले, हा दावा मान्य झाला नाही. उत्सर्जनाच्या अंदाजात मोठी अनिश्चितता असल्याचे मान्य करून न्यायालयाने २०३० चे उद्दिष्टही रद्द केले नाही. बांगलादेश व नेपाळमधील तक्रारदारांना दाद मागता आली, पण त्यांच्या बाबतीत अधिकारभंग आढळला नाही. जर्मनीतील भावी निर्बंध त्यांच्यावर लागू होणार नव्हते. म्हणजेच निर्णयाने प्रामुख्याने एकाच देशातील दोन पिढ्यांमधील वाटप तपासले. लोकसंख्येनुसारच्या वाट्यात पूर्वीच्या उत्सर्जनाची जबाबदारीही धरली जात नाही.

संसदेने मुदतीची वाट न पाहता २०२१ च्या उन्हाळ्यातच कायदा बदलला. २०३० चे उद्दिष्ट ६५ टक्के, २०४० चे ८८ टक्के आणि हवामान तटस्थतेचे वर्ष २०४५ असे ठरले. २०२४ च्या दुरुस्तीने मात्र क्षेत्रनिहाय वार्षिक मर्यादांचे बंधन शिथिल करून एकूण उत्सर्जनाच्या अंदाजावर भर दिला. एखादे क्षेत्र मागे पडल्यास त्याची भरपाई नेमकी कोणी आणि केव्हा करावी, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उपस्थित झाला.