नफा कारखान्याचा की सेल्सचा?

कंपनीत एखादं डिव्हिजन तोट्यात दिसलं की सगळे त्याच्या मॅनेजरकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं आहे, आधी ट्रान्सफर प्राइस विचारा. एका डिव्हिजनने दुसऱ्याला माल ज्या किमतीला दिला असं खात्यावर लिहितात, ती ट्रान्सफर प्राइस.

एक काल्पनिक पंप कंपनी घेऊ. कारखाना महिन्याला १००० पंप बनवतो. प्रत्येक पंपामागे कास्टिंग, तांब्याची तार, मजुरी वगैरे बदलता खर्च ६०० रुपये. शेड, मशिनरी, पगार हा स्थिर खर्च महिन्याला २ लाख, म्हणजे पंपामागे २००. त्यावर १०० रुपये नफा लावून कारखाना सेल्सला ९०० रुपयांना पंप देतो. सेल्सचा वाहतूक-कमिशनचा खर्च १५०, बाजारभाव १२००. म्हणजे पंपामागे कारखान्याला १०० आणि सेल्सला १५० रुपये नफा. आता ट्रान्सफर प्राइस १००० करा. कारखान्याला २००, सेल्सला ५०! एकही पंप जास्त विकला गेला नाही, कंपनीचा नफा २५० तो २५०च, पण 'हुशार' मॅनेजर मात्र बदलला.

इथपर्यंत फक्त कागदाचा खेळ. खरं नुकसान पुढे होतं. समजा कारखान्यात मशीन रिकामी आहेत आणि एक नवा ठेकेदार ९५० रुपये दराने २०० पंप मागतो. सेल्स मॅनेजर हिशोब करतो: ९०० अधिक १५०, म्हणजे १०५०. पंपामागे १०० तोटा, ऑर्डर नको! पण कंपनीच्या खिशातून जादा जाणार फक्त ६०० अधिक १५०, म्हणजे ७५०. पंपामागे २०० प्रमाणे ४० हजार रुपये हातचे गेले, आणि चूक कोणाच्याच रिपोर्टमध्ये दिसणार नाही.

दुसरी गोची अशी. ही किंमत प्रत्यक्ष खर्चावर ठरत असेल, तर कारखान्यात कास्टिंग वाया जाऊन खर्च ५० रुपयांनी वाढला की ट्रान्सफर प्राइस आपोआप ९५० होते. कारखान्याचा नफा १००च राहतो. गचाळपणा एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला.

माझ्या मते किमतीचे दोन भाग करावेत. पंपामागे ६०० रुपये, तेही आधी ठरवलेल्या प्रमाणित खर्चाने, आणि शिवाय महिन्याला ठोक ३ लाख. नेहमीच्या महिन्यात दोघांचा नफा पहिल्यासारखाच राहतो, पण ९५० ची ऑर्डर आली की सेल्सला तिच्यात २०० रुपये दिसतात आणि तो ती घेतो.

मात्र हे मशीन रिकामी असेपर्यंतच. कारखाना भरलेला असेल आणि बाहेरचं गिऱ्हाईक दारात येऊन १००० देत असेल, तर सेल्सला दिलेल्या प्रत्येक पंपाची खरी किंमत १०००च. तेव्हा ९५० ची ऑर्डर नाकारणंच बरोबर. अर्थशास्त्रज्ञ जॅक हर्शलायफरने १९५६ सालीच या प्रश्नावर लेख लिहिला होता.

म्हणून उद्या नोकरीत कोणी डिव्हिजनचा नफा दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा: मधली किंमत कोणी ठरवली, आणि तेव्हा मशीन रिकामी होती का?