उत्तरेचा चारशेचा दर : चित्र खरे, वाचन चुकीचे



उत्तर प्रदेशातील ऊस दराचे एक हिंदी चित्र आपल्या कार्यक्षेत्रात मोबाईलवर फिरते आहे. मजकूर थोडा आहे : "पेराई सत्र २०२५-२६. अगेती प्रजाति ४०० रु. कुंतल, सामान्य प्रजाति ३९० रु. कुंतल. बिना सट्टा पर्ची नहीं." खाली कोणीतरी मराठीत जोड दिली आहे : "उत्तरेत चार हजार, आपल्याला तीन हजार. जागे व्हा!" गट ऑफिसात हे दाखवून काही सभासद विचारतात, "साहेब, ही चारशेची जात कुठं मिळंल? बेणं आणायला गाडी पाठवतो."

माझे स्पष्ट मत आहे, की गाडी पाठवण्याआधी चित्राचे नीट मराठी करावे. कानडी चित्र आले तर आपण जाणकाराला विचारतो. हिंदीची लिपी आपलीच, म्हणून वाचता आले म्हणजे कळलेच असे आपण धरतो. फसगत तिथेच होते.

आता शब्द घ्या. "पेराई" म्हणजे पेरणी नव्हे, तर गाळप. "पेराई सत्र" म्हणजे गाळप हंगाम. "कुंतल" म्हणजे क्विंटल. "अगेती" म्हणजे आगाप लावलेला ऊस नव्हे, तर लवकर पक्व होणारी जात. तेव्हा लवकर लागण केली म्हणून दहा रुपये जादा, हा काहींनी काढलेला अर्थ चूक आहे. "सट्टा" म्हणजे जुगार नव्हे. तिकडे ऊस पुरवठ्याच्या कराराला सट्टा म्हणतात आणि "पर्ची" म्हणजे ऊस घालण्याची चिठ्ठी. करार नसेल तर चिठ्ठी नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

मराठी झाले की मग खरे-खोटे पाहायचे. आकडे खरे आहेत. उत्तर प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या हंगामासाठी हेच दर जाहीर केले. पण तो त्या राज्याने आपल्या कारखान्यांसाठी ठरवलेला दर आहे. महाराष्ट्रात केंद्राची एफआरपी चालते. ती जातीवर नाही, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. म्हणजे तिकडची "चारशेची जात" इथे लावली, तरी तिला इथे वेगळा दर नाही.

राहिली खालची मराठी ओळ. ती मूळ चित्रातली नाही, पाठवणाराची आहे. तिचा हिशेब करू. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा ११.२५ आहे. दहा टप्प्यांचे ३४ रुपये ६० पैसे वाढून दर ३८९ रुपये ६० पैसे होतो, टनाला ३,८९६ रुपये. तिकडच्या सामान्य जातीच्या ३,९०० ला चारच रुपये कमी. आपल्याकडे यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती समजा ९०० धरली, तर हाती २,९९६ येतात. तिकडचा शेतकरी ऊस स्वतः तोडून गेटवर किंवा खरेदी केंद्रावर घालतो. तो खर्च त्याच्या चार हजारांतूनच जातो, आणि केंद्रावर घातला तर वाहतुकीपोटी काही कपातही होते. एकाचा खर्चाआधीचा आकडा आणि दुसऱ्याचा खर्चानंतरचा, अशी ही तुलना आहे. उतारा कमी असेल तर फरक जास्त पडेल, हे खरे. तोडणी-वाहतुकीचा खर्च जास्त का, हेही सभासदाने जरूर विचारावे. तो प्रश्न रास्त आहे. पण तो या चित्रातून निघत नाही.

बेण्याचे मात्र गंभीर आहे. तिकडे लवकर पक्व होणाऱ्या जातींत को ०२३८ ही फार पसरलेली. तिने उत्तरेला चांगला उताराही दिला. पण अलीकडच्या वर्षांत तिच्यावर लाल कूज रोग इतका आला, की ती बदला असे तिथलेच सरकार सांगू लागले. हा बुरशीचा रोग मुख्यतः बेण्यातून पसरतो. टिपरी बाहेरून निरोगी दिसते, म्हणून गाडी भरताना कळत नाही. ऊस उभा चिरला तर आत लाल रंग, त्यात मध्येमध्ये आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस दारूसारखा वास, ही त्याची खूण. एकदा बेटात रोग दिसला, की औषधाने ऊस सुधारत नाही. बेट मुळासकट काढून नष्ट करावे लागते. एका गाडीने शेजारच्या दहा जणांचे नुकसान होऊ शकते.

म्हणून माझे म्हणणे : चित्र आले तर आधी त्याचे शब्दशः मराठी करून घ्या, मूळ मजकूर आणि खाली चिकटवलेली ओळ वेगळी करा, आणि दर कोणत्या राज्याचा, खर्चाआधीचा की नंतरचा, हे पाहा. शब्द अडला तर चित्र गट ऑफिसात आणा. परराज्यातले बेणे मात्र कोणीही परस्पर आणू नये.

— ऊस विकास अधिकारी