फराळाच्या खोक्यावर काय लिहायचं?

दिवाळी महिन्यावर आली की या स्तंभाच्या वाचकांचे फोटो येऊ लागतात. परदेशी निघालेल्या खोक्यावरचं लेबल, कस्टम्सचा भरलेला फॉर्म, कधी पाठवण्यास मनाई असलेल्या वस्तूंची यादी. या आठवड्यातला फोटो नाशिकच्या एका बाईंचा आहे. मुलगी जर्मनीत, खोका साडेपाच किलोचा. फॉर्मवर वर्णनाच्या रकान्यात एकच ओळ आहे, ‘होममेड फूड आयटम्स’. नग एक, आणि खाली ‘गिफ्ट’च्या चौकटीत खूण.

त्यांना मी कळवलं की हा खोका असा पाठवू नका, फॉर्म पुन्हा भरा.

हा फॉर्म म्हणजे टपालाचा सीएन २३. खोका पोहोचल्यावर तिथला अधिकारी तो वाचेल, एवढ्यापुरतंच त्याचं काम राहिलेलं नाही. २०२१ पासून जगभरच्या टपालात परदेशी जाणाऱ्या मालाची माहिती संगणकावरून आधी पाठवावी लागते. युरोपीय संघाने मार्च २०२३ पासून विमानाने येणाऱ्या पार्सलांसाठी हा नियम आणखी कडक केला. माल विमानात चढण्याआधी त्याचं वर्णन तपासलं जातं, आणि ‘फूड’, ‘गिफ्ट’ असे मोघम शब्द वर्णन म्हणून चालत नाहीत. भेट हे पाठवण्याचं कारण झालं. त्यासाठी फॉर्मवर वेगळी चौकट आहे. वर्णनाच्या रकान्यात वस्तूच यायला हवी.

मग चकलीचं काय करायचं? नुसतं ‘चकली’ लिहून तिथल्या माणसाला काही कळत नाही, आणि ‘स्नॅक’ पुन्हा मोघमच. पदार्थ कशाचा आहे आणि त्यावर काय प्रक्रिया झाली आहे, या दोन गोष्टी वर्णनात आल्या की काम होतं. ‘फ्राइड स्नॅक ऑफ राइस अँड लेंटिल फ्लोअर’, आणि पुढे हवं तर चकली. बेसनाचा लाडू म्हणजे ‘स्वीट्स मेड ऑफ ग्रॅम फ्लोअर, शुगर अँड घी’. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र ओळ, तिच्यासमोर नग, निव्वळ वजन आणि किंमत. काउंटरवर संकेतांक विचारला, तर भारताच्या कस्टम्स दरपत्रकात मिठाई आणि नमकीन २१०६ ९० ९९ खाली येतात. जगभर समान असतात ते त्यातले पहिले सहा अंक.

प्रक्रियेचा शब्द मी मुद्दाम आग्रहाने सांगतो. बाईंच्या चिवड्यात कढीपत्ता आहे. ताज्या कढीपत्त्याला युरोपात रोगमुक्ततेचं वनस्पती-प्रमाणपत्र लागतं, ते घरगुती खोक्याला कोण देणार? चिवड्यातली पानं मात्र तेलात कुरकुरीत तळलेली आहेत, आणि ‘फ्राइड’ शब्द वर्णनात असला की ती ताजी नाहीत हे वाचणाऱ्याला कळतं. तिळाचंही तसंच. खोक्यात पाव किलो भाजलेले तीळ आहेत. ‘सीड्स’ एवढंच लिहिलं तर ते पेरणीचं बियाणं वाटू शकतं आणि त्याला पुन्हा प्रमाणपत्र. ‘रोस्टेड सेसमी, फॉर ईटिंग’ लिहिलं की शंकेला जागा उरत नाही.

उटण्याच्या पुडीवर दुकानदाराने ‘आयुर्वेदिक’ छापलं आहे. बाईंनी सोबतच्या चिठ्ठीत ‘आयुर्वेदिक मेडिसिन पावडर’ असं भाषांतर करून ठेवलं होतं. इथे धोका मोठा आहे. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीच्या नावे टपालाने औषध मागवायला जर्मनीत मनाई आहे. उटणं अंगाला लावायचं, औषध म्हणून घ्यायचं नाही, तेव्हा ‘हर्बल बाथ पावडर, कॉस्मेटिक’ हेच त्याचं खरं वर्णन. पण च्यवनप्राश किंवा काढ्याची पुडी असेल तर तिला कॉस्मेटिक म्हणू नका. ती खोक्याबाहेर काढा. फॉर्मच्या तळाशी पाठवणारा सही करतो ती मजकूर खरा असल्याबद्दल आणि आत धोकादायक किंवा मनाई असलेली वस्तू नसल्याबद्दल. मोगऱ्याच्या अत्तराची कुपीही मी याच कारणाने काढायला सांगितली, कारण ज्वालाग्राही द्रव विमान टपालात चालत नाही.

आता बाईंनी सोबत पाठवलेला दुसरा फोटो. मनाईच्या यादीचं भाषांतर बाईंच्या भाच्याने केलं होतं आणि त्यात ‘प्रोहिबिटेड’ आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ दोन्हींना ‘बंदी’ हाच शब्द होता. त्यामुळे अर्धा खोका उगाच रिकामा झाला असता आणि जे खरोखर काढायचं ते कदाचित आतच राहिलं असतं. प्रोहिबिटेड म्हणजे मनाई, कुठल्याही प्रमाणात नाही. रिस्ट्रिक्टेड म्हणजे सशर्त, आणि अट त्याच ओळीत पुढे किंवा तारा काढून तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते. भाषांतर अटीसकट करायला हवं. युरोपातलंच उदाहरण घ्या. खासगी पार्सलमधून येणाऱ्या मांसाला आणि दुग्धजन्य पदार्थांना मनाई आहे. मध मात्र सशर्त आहे, दोन किलोपर्यंत चालतो. म्हणजे बाईंनी काढून ठेवलेली महाबळेश्वरच्या मधाची बाटली परत आत जाऊ शकते, आणि घरी कढवलेल्या साजूक तुपाची बरणी आत होती ती बाहेर यायला हवी. मिठाई, केक, बिस्किटांना या नियमातून सूट आहे, म्हणून तुपातला लाडू जातो. लाडवातलं तूप लपवू नका, तेही लिहा.

तूप काढायचं म्हटल्यावर बाईंना वाईट वाटलं, आणि मला ते समजतं. पण ‘कुकिंग ऑइल’ लिहून पाठवा, असा सल्ला देणारे कुरिअरवाले आहेत, त्यांचं ऐकू नये. क्ष-किरणातून संशय आला की खोका उघडला जातो आणि मग एका बरणीमुळे सगळा फराळ अडकतो.

हीच यादी दुसऱ्या देशासाठी जशीच्या तशी वापरता येत नाही. बाईंचा पुतण्या दुबईत असतो आणि त्यालाही असाच खोका जायचा आहे. अनारशावरची खसखस जर्मनीत बेकरीत सर्रास मिळते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि तिला मनाई आहे. तिथे इंग्रजी वर्णन कितीही अचूक केलं तरी उपयोग नाही. दुबईच्या खोक्यात अनारसे नकोत, आणि करंजीच्या सारणात खसखस असेल तर करंज्याही नकोत.

भाषांतरासाठी फोटो पाठवताना पानाचे चारही कोपरे येऊ द्या, कारण तळटीप कापली गेली की अटच जाते. पत्ता आणि फोन नंबर मात्र झाका.

किमतीचा रकाना बाईंनी कोरा ठेवला होता, घरी केलेल्याची काय किंमत, म्हणून. सामानाचा खर्च किंवा दुकानातला भाव धरून खरा आकडा घाला. जर्मनीत खासगी माणसाने खासगी माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. कोऱ्या रकान्यावरून ते ठरवता येत नाही आणि मग मुलीला कस्टम्स कार्यालयात जाऊन फराळाची किंमत सांगत बसावं लागतं.