तीळ राहू द्या

मुखपृष्ठावरच्या आजींच्या हनुवटीवर तीळ आहे. शेजारी फोटो काढला त्याच दिवशी उठलेली पुटकुळी होती, ती आम्ही फोटोतून पुसली. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं पुसावं, जन्मभराचं ठेवावं, हा आमचा साधा नियम. तीळही एकदा पुसून पाहिला, तर फोटो त्यांच्या धाकट्या बहिणीचा वाटायला लागला! पासपोर्टच्या अर्जात ओळखीची खूण म्हणून तीळ लिहितात, ते उगाच नाही. मात्र बाजूच्या प्रकाशात तो होता त्याहून काळा आला होता. म्हणून पुसलेला भाग वेगळ्या लेयरवर ठेवून त्याची ऑपॅसिटी ३० टक्क्यांवर आणली. तीळ जागच्या जागी, फक्त किंचित फिका. छापण्याआधी आजींना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी तीळवालाच निवडला.