हदगावची तिसरी भाषा

दहा वर्षांनी एकदा जनगणनेचा प्रगणक दारी येतो, कुटुंबातील प्रत्येकाची मातृभाषा विचारतो आणि त्याखेरीज येणाऱ्या भाषा विचारतो. या जादा भाषा दोनच लिहावयाच्या असतात, आणि जी अधिक चांगली येते ती आधी. त्या वाचता-लिहिता आल्याच पाहिजेत असे नाही. बोलता आणि समजता आल्या म्हणजे पुरे. 2011 सालच्या या उत्तरांवरून देशात शेकडा 26 लोक दोन किंवा अधिक भाषा जाणणारे आणि शेकडा 7 लोक तीन भाषा जाणणारे ठरले. हे आकडे अनेकदा उद्धृत होतात. परंतु ते कसे घडतात हे पाहावयाचे असेल, तर दिल्लीपेक्षा आमच्या जिल्ह्यातील हदगावचा आठवडी बाजार अधिक उपयोगी आहे.

या बाजारात भाजीची पाटी घेऊन तांड्यावरून आलेल्या एखाद्या बंजारा बाईची कल्पना करावी. घरी ती गोरमाटी बोलते, मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत भाव ठरवते आणि मुसलमान व्यापाऱ्याशी हिंदीत व्यवहार करते. तिने शाळेचे तोंड पाहिलेले नसले तरी ती त्रिभाषिक आहे, आणि प्रगणकाने नीट विचारले तर त्याच्या कागदावरही तीन भाषा येतात. पुढे मात्र निराळेच घडते. जनगणना कार्यालय लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची गटवारी करते आणि या गटवारीत 'लमाणी' व 'बंजारी' या दोन्ही नोंदी हिंदी या भाषेखाली जमा होतात. 2011 साली देशात नुसती लमाणी सांगणारेच सुमारे 33 लाख होते. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचे कोष्टक या गटांवर रचलेले असते, मूळ मातृभाषांवर नव्हे. तेव्हा आमच्या भाजीवाल्या बाईची पहिली भाषा तेथे हिंदी होते. आता हिंदीच्याच पुढे दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून पुन्हा हिंदी कशी येणार? उरते ती एकटी मराठी. बाजारात तीन भाषा बोलणारी बाई कोष्टकात दोन भाषांची होते, आणि त्या दोहोंत तिची स्वतःची भाषा नसतेच.

तिच्या शेजारचा मराठी दुकानदार घ्या. शाळेत हिंदी आणि इंग्रजी झाल्यामुळे तो याच दोन भाषा सांगतो आणि त्रिभाषिक ठरतो. रोजच्या गिऱ्हाइकीने त्याला गोरमाटी कळू लागली असेल, थोडी बोलताही येत असेल. पण दोन जागा भरल्यावर तिला जागा राहत नाही. उर्दूभाषी व्यापाऱ्याला मात्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषा सांगता येतात, आणि त्या दोन्ही धरल्या जातात. कारण उर्दू आणि हिंदी यांना जनगणना स्वतंत्र भाषा मानते. बाजारातले त्याचे हिंदी आणि त्या बाईचे हिंदी यांत कानाला फारसे अंतर नसते. सारांश, हे कोष्टक बहुभाषिकता मोजते खरे, पण शाळेत शिकलेली भाषा त्यात सहज नोंदली जाते आणि शेजाऱ्याकडून शिकलेली भाषा गळते.

आणखी एक मर्यादा आहे. मातृभाषांचे आकडे तालुक्यापर्यंत प्रसिद्ध होतात. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचे आकडे राज्यापाशी थांबतात. त्यामुळे हदगावात कोण घरी काय बोलतो हे कळते; कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो हे कळत नाही. जो प्रदेश 1956 पर्यंत एकेकाळी उर्दूत कारभार चाललेल्या हैदराबाद राज्यात होता आणि पुढे 1960 पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात राहिला, त्याच्याविषयी नेमकी हीच गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे.

ही केवळ विद्वानांची तक्रार नव्हे. 2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याचे निर्णय राज्यशासनाने काढले आणि 29 जून रोजी मागे घेतले. त्या वादात उभय पक्षांनी मुलाची पहिली भाषा मराठीच गृहीत धरली होती. तांड्यावरील मुलाची दुसरी भाषा मराठी आहे, तिसरी हिंदी आणि चौथी इंग्रजी. राज्यघटनेचे कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्यास सांगते. पण जे मूल कोष्टकात हिंदीभाषी म्हणून दिसते, त्याच्यासाठी गोरमाटी जाणणारा शिक्षक हवा हे शिक्षणखात्यास कोणत्या आकड्यावरून कळावे?

नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भदिनांक ठरला आहे. दुसऱ्या व तिसऱ्या भाषेची कोष्टके गटांऐवजी मूळ मातृभाषांप्रमाणे आणि तालुकावार छापावीत, एवढीच आमची मागणी आहे. त्यासाठी नवा प्रश्न विचारावयास नको. उत्तरे कागदावर असतातच, ती वेगळ्या रीतीने मांडावयाची आहेत. हदगावच्या नागरिकांनीही आपल्या वाटणीचे काम करावे. भाषा सांगताना शाळेच्या दाखल्याऐवजी बाजाराचा दिवस आठवावा. आणि शेजाऱ्याची भाषा खरोखरच बोलता येत असेल तर तिचे नाव घ्यावयास संकोच करू नये.