सजलेल्या सदनिकेचा भाव

पुण्यात मार्केट यार्डच्या परिसरातील एका गृहसंकुलात एकाच आकाराच्या दोन सदनिका विक्रीस आहेत, असे समजू. दोन्हींचे चटई क्षेत्र सारखे, दोन्हींना एकेक वाहनतळ आणि मजल्यातही विशेष अंतर नाही. पहिली रिकामी असून तिचा भाव ९५ लाख रुपये आहे. दुसरी फर्निचर व उपकरणांसह मिळणार असून मालकाची मागणी १ कोटी ७ लाखांची आहे. ‘सहा वर्षांपूर्वी अंतर्गत सजावटीला १४ लाख रुपये लागले. आम्ही १२ लाखच मागत आहोत,’ असे मालक सांगतो. मुलाच्या नव्या संसारासाठी घर शोधणाऱ्या व्यापारी कुटुंबाला ही मागणी वाजवी वाटू शकते. मात्र दुकानातील जुना माल खरेदीच्या बिलावर विकला जात नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने येथेही तोच हिशेब मांडावा.

प्रथम मालकाचे जुने बिल बाजूला ठेवावे. त्या १४ लाखांत सजावटकाराचे शुल्क, रंगकाम, तोडफोड आणि मालकाच्या खास आवडीनिवडी असा बराच खर्च असतो, आणि तो कधीचाच संपलेला असतो. विचारायचा प्रश्न एवढाच की, ही वस्तू आज नवी घेतली तर किती लागतील आणि तिचे किती आयुष्य उरले आहे? पंधरा वर्षे टिकणारी वस्तू सहा वर्षे वापरली गेली असेल, तर आजच्या नव्या किमतीचा पंधरापैकी नऊ हिस्सा हे तिचे मूल्य. हा सरळ घसारा झाला. तो मूल्याची वरची मर्यादा दाखवतो. जुन्या वस्तूंचा व्यापारी जे देईल, ती खालची मर्यादा.

या दोन मर्यादांपैकी कोणती धरायची, हे घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते. जी वस्तू घरात ठेवायचीच आहे, तिला घसारा वजा केलेली किंमत द्यावी. जी नको आहे, तिला जुन्या बाजाराचाच भाव, आणि तोही वाहतूक वजा करून. दिवाणखान्यातील चामड्याचा सोफा कितीही भारी असला, तरी जे कुटुंब चामडे वापरत नाही, त्याच्या दृष्टीने तो घराबाहेर काढण्याचा माल आहे.

आता यादी करावी. घराशी जोडलेले काम, सुटे फर्निचर आणि विजेची उपकरणे असे तिचे तीन भाग पडतात.

जोडलेल्या कामात सर्वांत मोठी रक्कम स्वयंपाकघराची असते, आणि फसगतही तेथेच अधिक होते. बाहेरचा चकचकीत पत्रा पाहून काहीच कळत नाही. सिंकखालचे कपाट उघडून तळफळीच्या कडेवर अंगठा दाबावा. कड फुगलेली किंवा भुसभुशीत लागली, तर आत लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड आहे किंवा साधे प्लायवूड पाण्याने खराब झाले आहे, असे समजावे. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडवर बहुधा आय. एस. ७१० हा शिक्का असतो. कपाटांच्या मागच्या फळ्यांवर बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज किंवा मातीच्या बारीक रेषा ही वाळवीची खूण होय.

या सदनिकेतील स्वयंपाकघर आज नवे करण्यास ३ लाख लागतील असे धरले, तर उरलेल्या नऊ वर्षांचे मूल्य १ लाख ८० हजार होते. सिंकखालचे दोन खाने फुगले असल्याने दुरुस्तीचे २५ हजार वजा केले, की १ लाख ५५ हजार उरतात. दोन भिंत-कपाटे नवी २ लाख ४० हजारांची, म्हणून त्यांचे १ लाख ४४ हजार. छतसजावट व दिवे यांचे आयुष्य दहाच वर्षे धरावे. आजचा खर्च १ लाख २० हजार असेल, तर उरलेले ४८ हजार. हा भाग एकूण ३ लाख ४७ हजारांचा झाला.

सुट्या फर्निचरला दहा वर्षांहून अधिक आयुष्य धरू नये. पलंग व जेवणाचे टेबल आज १ लाख ५० हजारांना येत असतील, तर त्यांचे ६० हजार होतात. सोफ्याचे जुन्या बाजारातील ८ हजार धरावेत. सहा वर्षे वापरलेल्या गाद्यांना काहीच मोल नाही. एकूण ६८ हजार.

उपकरणांवर निर्मितीचे वर्ष छापलेले असते. मालकाने सांगितलेले वय त्याच्याशी पडताळून घ्यावे. वातानुकूलन यंत्रावरचे तारेही जपून वाचावेत, कारण जुलै २०२२ मध्ये तारांकनाचे निकष कडक झाले आणि तोवरचे पाच तारे चारांवर आले. दोन वातानुकूलन यंत्रे, शीतकपाट आणि धुलाई यंत्र यांची आजची किंमत १ लाख ४० हजार धरली आणि दहा वर्षांपैकी चार उरली असे मानले, तर ५६ हजार होतात. आठ वर्षांचे आयुष्य असलेल्या दोन गिझरांचे ४ हजार. इन्व्हर्टरची बॅटरी तेवढीच जुनी असल्यास तिचे शून्य. एकूण ६० हजार.

तिन्ही भाग मिळून ४ लाख ७५ हजार होतात. सजावटीचे काम नव्याने करण्यास तीन महिने लागले असते आणि तेवढा काळ महिना २५ हजार भाड्याच्या घरात काढावा लागला असता, तर त्या वाचलेल्या ७५ हजारांची भर न्याय्य आहे. अशा रीतीने सजावटीसाठी द्यावयाची कमाल रक्कम साडेपाच लाख ठरते, आणि या सदनिकेचा योग्य भाव १ कोटी ५० हजार. मागणीतील उरलेल्या साडेसहा लाखांचे कारण मालकाला देता आले नाही, तर रिकामी सदनिका घेऊन स्वतःच्या गरजेनुसार काम करून घेणे अधिक शहाणपणाचे.

भाव ठरल्यावर दस्ताचा प्रश्न येतो. ‘फर्निचरची रक्कम मोठी दाखवू, मुद्रांक वाचेल,’ असा सल्ला हमखास दिला जातो. भिंतीला कायम जोडलेले स्वयंपाकघर व कपाटे हा सदनिकेचाच भाग असल्याने त्यांची किंमत सदनिकेच्या किमतीत असावी. वेगळी दाखवता येते ती सुट्या सामानाची खरी किंमत, म्हणजे येथे १ लाख २८ हजार. सात टक्के मुद्रांकाने त्यावर सुमारे ९ हजार वाचतात. आकडा फुगवण्यात मात्र तोटाच अधिक. मुद्रांक करारातील रक्कम व शासनाचे बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतो. गृहकर्ज सदनिकेच्या किमतीवर मिळते, सोफ्यावर नाही. आणि पुढे घर विकताना करारात कमी दाखवलेली खरेदी किंमत करपात्र नफा वाढवते.

शेवटी, यादी करारासोबत जोडावी. प्रत्येक उपकरणाची बनावट, क्रमांक व छायाचित्र तीत असावे. विसार दिल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या काळात चांगले यंत्र काढून जुने बसवल्याचे प्रकार घडतात. ताब्याच्या दिवशी यादी हातात धरून प्रत्येक क्रमांक जुळवावा, प्रत्येक यंत्र चालवून पाहावे आणि त्यानंतरच अखेरचा हप्ता द्यावा.