नुसत्या सोनोग्राफीवरून मुलीला ‘पीसीओडी’ ठरवू नका

आई-वडिलांना आणि मुलींना एका स्त्रीरोगतज्ज्ञाचं कळकळीचं आवाहन आहे. पाळी चुकली की थेट सोनोग्राफीला धावू नका आणि तीन महिने पाळी आली नाही तर घरी बसून वाटही पाहू नका. दोन्ही चुका रोज दिसतात.

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती मागेपुढे होतेच. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन वर्षं उलटल्यावर मात्र अंतर वारंवार ३५ दिवसांपुढे जात असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर तपासणी हवी. पहिल्या वर्षानंतर एकदा जरी ९० दिवसांचा खंड पडला, तरी दाखवायला या.

समजा, मुलगी सोळा वर्षांची आहे. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि गेल्या वर्षात पाचदाच आली. सोनोग्राफीत अंडाशयात बरेच बारीक ‘सिस्ट’ दिसले. या खरं तर बीजपुटिका असतात आणि या वयात त्या निरोगी मुलींमध्येही भरपूर दिसतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरत नाहीत. या मुलीच्या हनुवटीवर, पोटावर राठ केस आहेत का, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलंय का, हे पाहावं लागतं. अनियमित पाळी आणि यांपैकी एक, अशी जोडी जुळली आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन व १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या तपासण्यांतून दुसरं कारण निघालं नाही, तरच पीसीओएस, म्हणजे ‘पीसीओडी’, म्हणायचं. जोडी अर्धवट असेल, तर शिक्का न मारता लक्ष ठेवायचं. पाळीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, कारण त्यांनी टेस्टोस्टेरॉनचा आकडा बदलतो. आवाज घोगरा झाला किंवा केस झपाट्याने वाढले, तर मात्र थांबू नका. क्वचित त्यामागे गाठ असते.

खंड का वाईट? बीज बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. मग एकदम अतिरक्तस्राव होतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. हे टाळण्यासाठी काही दिवस प्रोजेस्टेरॉन किंवा नियमित संयुक्त गोळ्या देतात. ‘गोळ्यांनी मूल होत नाही’ ही समजूत काढून टाका. गोळ्या थांबवल्यावर बीज पुन्हा तयार होऊ शकतं. अर्धशिशी असेल किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. वजन जास्त असेल किंवा मान काळवंडली असेल, तर साखर तपासून घ्या. अशा वेळी चालणं-खेळणं, जेवणातला बदल आणि गरजेनुसार मेटफॉर्मिन उपयोगी पडतं. केस कमी व्हायला किमान सहा महिने लागतात.

‘लग्न झालं की होईल नीट’ हा सल्ला कृपा करून देऊ नका. लग्नाने बीज बाहेर पडत नाही.

आजपासून कॅलेंडरवर पाळीचा पहिला दिवस लिहा आणि तेच घेऊन या. दर तासाला पॅड भिजत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.